दचकली, थक्क झाली की सुन्न? इंग्रजीतल्या आश्चर्याच्या शब्दांचा जोर कसा ओळखायचा

अनुवादाची कामं नुकतीच घ्यायला लागले होते, तेव्हाची गोष्ट. एका कथेत बाईला फोन येतो, नवरा अपघातात गेल्याचा. मूळ वाक्य साधं होतं, "ती सुन्न झाली." मी समानार्थी शब्दांची यादी काढली. प्रसंग सगळ्यांत जड, म्हणून शब्दही सगळ्यांत जड हवा, असं माझं तेव्हाचं गणित. यादीतला सर्वांत लांबलचक शब्द उचलला आणि लिहिलं, 'शी वॉज फ्लॅबरगास्टेड.' संपादकांनी त्याखाली रेघ मारून समासात एवढंच लिहिलं: "नवरा गेलाय तिचा."

जोराच्या हिशेबाने मी चुकले नव्हते. फ्लॅबरगास्टेड खरोखरच जोरदार शब्द आहे. पण त्याची जात वेगळी. तो ऐकला की डोळे विस्फारलेला, तोंडाचा आ केलेला, थोडासा विनोदी दिसणारा माणूस समोर येतो. दुःखाने गोठलेल्या बाईला तो चेहरा मी चिकटवला होता.

तेव्हापासून मी या शब्दांची कमी ते जास्त अशी शिडी करणं सोडून दिलं. नवशिक्यांना शिडीच शिकवली जाते, खाली सरप्राइज्ड, वर फ्लॅबरगास्टेड. पण शब्द निवडताना शिडी चढायच्या आधी दोन-तीन गोष्टी पाहाव्या लागतात. त्या ज्या क्रमाने मी पाहते, त्याच क्रमाने सांगते.

पायरी १: धक्का कुठे बसला ते आधी बघा

आश्चर्याचे शब्द शरीराच्या वेगवेगळ्या ठिकाणी बसतात. काही अंगावर, काही बुद्धीवर, काही जिभेवर. हे ठिकाण ठरलं की निम्मे शब्द आपोआप गळून पडतात.

स्टार्टल्ड हा निव्वळ अंगाचा शब्द. मराठीत दचकणं. मागे दार धाडकन आपटलं की सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास पापण्या मिटायला लागतात, खांदे वर जातात, मान आत ओढली जाते. आवाज कसला होता हे कळायच्या आधीच हे सगळं होऊन गेलेलं असतं. म्हणजे इथे आश्चर्य वाटायला डोकं अजून जागेवर आलेलंच नाही. तान्ह्या बाळाचं डोकं जरा खाली गेलं किंवा मोठा आवाज झाला की ते दोन्ही हात फेकतं ना, तीही याच घराण्यातली प्रतिक्रिया. डॉक्टर तिला मोरो प्रतिक्षेप म्हणतात आणि ती साधारण चार ते सहा महिन्यांत मावळते. जुन्या इंग्रजीत या शब्दाचं मूळ लाथा झाडणं, धडपडणं, ठेचकाळणं अशा अर्थाचं होतं. विचाराचा संबंध तेव्हाही नव्हता.

यातून एक सोपी चाचणी मिळते. जे झोपलेल्या माणसाला होऊ शकतं ते स्टार्टल्ड. आवाजाने कोणी दचकून जागं झालं, तर इंग्रजीत 'स्टार्टल्ड अवेक' म्हणतात. 'अस्टॉनिश्ड अवेक' असं कोणी म्हणणार नाही, कारण थक्क व्हायला आधी जागं असावं लागतं. हरिण, घोडा, झाडावरचे पक्षी हे सगळे स्टार्टल्ड होऊ शकतात. घोडा अस्टॉनिश्ड झाला असं लिहिलंत, तर वाचक तुमच्याकडून बालकथेची अपेक्षा करायला लागेल.

सरप्राइज्ड बुद्धीवर बसतो. त्याला आधी एक अपेक्षा लागते. मला वाटलं होतं एक आणि झालं दुसरं, हे वाक्य मागे जोडता आलं तर सरप्राइज्ड चालतो. दार आपटल्यावर 'मला वाटलं होतं दार आपटणार नाही' असं कोणी म्हणत नाही, तिथे स्टार्टल्डच. या शब्दाचं मूळ फ्रेंच आहे, वरून झडप घालून पकडणं असा त्याचा अर्थ, आणि सुरुवातीला तो बेसावध शत्रूवरच्या हल्ल्यासाठी वापरला जाई. इंग्रजीत एक जुना, बहुधा रचलेलाच किस्सा फिरतो. एक कोशकार मोलकरणीचं चुंबन घेताना बायकोला सापडतो. बायको म्हणते, "आय ॲम सरप्राइज्ड!" कोशकार शांतपणे दुरुस्ती करतो, "नाही बाईसाहेब, सरप्राइज्ड मी आहे. तुम्ही अस्टॉनिश्ड आहात." पकडला गेला तो सरप्राइज्ड, बघून थक्क झाली ती अस्टॉनिश्ड. आज कोणी हा फरक पाळत नाही, पण किस्सा लक्षात राहिला की मूळ अर्थही राहतो.

अस्टॉनिश्डही बुद्धीचाच शब्द, पण इथे अपेक्षा नुसती चुकलेली नसते, मोडून पडलेली असते. 'असं होईल असं वाटलं नव्हतं' म्हणजे सरप्राइज्ड. 'असं होऊच कसं शकतं' म्हणजे अस्टॉनिश्ड. मराठीतला थक्क याच्या सर्वांत जवळ जातो.

स्टन्ड मात्र सबंध माणसाला लागतो. डोक्यात टोला बसल्यावर माणूस पडलेला नसतो पण काही करतही नाही, ती अवस्था. शब्दाचा पहिला अर्थच तो आहे. गंमत म्हणजे अस्टॉनिश आणि स्टन हे एकाच घरातले आहेत. दोघंही जुन्या फ्रेंचमधल्या ज्या क्रियापदातून आले, त्याच्या पोटात लॅटिनमधला गडगडाट आहे. वीज अंगावर कोसळल्यासारखं होणं हा दोघांचा मूळ अर्थ. पण शतकानुशतकांत एक भाऊ सौम्य झाला, डोळे विस्फारून बघत उभा राहिला. दुसऱ्याने टोल्याची आठवण अजून धरून ठेवली. म्हणून अस्टॉनिश्ड माणूस प्रश्न विचारतो आणि स्टन्ड माणूस काहीच विचारत नाही.

फ्लॅबरगास्टेड जिभेवर बसतो. बोलायला गेलं तर शब्दच फुटू नये, किंवा फुटला तर "पण… म्हणजे… कसं काय…" एवढाच. याच्याबद्दल पुढे सविस्तर बोलू.

पायरी २: शब्दाच्या आधी 'थोडा' लावून पाहा

जोर मोजायला माझ्याकडे एकच वजनकाटा आहे, तो म्हणजे क्रियाविशेषण. आधी तो मराठीतच वापरून बघा. "मला थोडं आश्चर्य वाटलं" हे वाक्य आपण रोज बोलतो. "मी थोडा थक्क झालो" म्हणून पाहा. जीभ अडते. थक्क व्हायचं तर पूर्ण व्हायचं, नाहीतर नाही. उलट "मी पार थक्क झालो" झकास बसतं. म्हणजे थक्क या शब्दात टोक आधीच भरलेलं आहे. त्याला कमी करता येत नाही, फक्त ठासून सांगता येतं.

इंग्रजीतही हाच काटा चालतो. सरप्राइज्डच्या आधी 'अ लिटल', 'माइल्डली', 'व्हेरी' काहीही लावा, तो तक्रार करत नाही. स्टार्टल्डही 'स्लाइटली' आणि 'व्हेरी' दोन्ही घेतो, कारण दचकणं थोडं असू शकतं, खूपही. अस्टॉनिश्ड, स्टन्ड आणि फ्लॅबरगास्टेड यांच्या आधी 'अ लिटल' लावलं की ते खट्याळपणे म्हटल्यासारखं वाटतं. 'व्हेरी' लावलं तर कानाला खटकतं. क्वचित कोणी 'व्हेरी अस्टॉनिश्ड' लिहितं, पण 'व्हेरी फ्लॅबरगास्टेड' वाचून वाचक थबकेल. या तिघांना 'ॲब्सोल्यूटली', 'अटर्ली', 'कम्प्लीटली' शोभतात. आणि गंमत अशी की 'ॲब्सोल्यूटली सरप्राइज्ड' तितकंसं बसत नाही, जसं आपल्याकडे "पार आश्चर्य वाटलं" बसत नाही.

याच काट्यात एक खाच आहे, तिथे भले भले घसरतात. 'क्वाइट' हा शब्द, विशेषतः ब्रिटिश इंग्रजीत, दोन तोंडांचा आहे. 'क्वाइट सरप्राइज्ड' म्हणजे बऱ्यापैकी आश्चर्य वाटलं, फार नाही. 'क्वाइट अस्टॉनिश्ड' म्हणजे मात्र पूर्णपणे थक्क. शब्द तोच, पण समोरच्या शब्दात टोक भरलेलं असेल तर तो 'पार' होतो आणि नसेल तर 'बऱ्यापैकी'. भाषांतर करताना 'क्वाइट' दिसला की मी आधी पुढचा शब्द बघते, मगच मराठी वाक्य जुळवते.

या काट्यावर तोललं, तर सरप्राइज्ड सगळ्यांत हलका, त्याच्या बराच वर अस्टॉनिश्ड, आणि स्टन्ड व फ्लॅबरगास्टेड दोघं टोकाला. अमेझ्ड अस्टॉनिश्डच्या शेजारी बसतो, पण बोलण्यात इतका झिजला आहे की त्याचा जोर लिहिण्यात मिळेलच असं नाही. स्टार्टल्डला या रांगेत उभाच करू नका. तो जोराने कमी किंवा जास्त नाही, वेगळ्याच रस्त्यावर आहे. खोलीत साप निघाला तरी माणूस स्टार्टल्ड होतो आणि टोस्टरमधून पाव उडाला तरी.

पायरी ३: किती वेळ टिकतं?

ही पायरी छोटी आहे, पण सगळ्यांत जास्त चुका इथेच सापडतात. वाक्यात 'अजून' घालून बघा. "तो अजून सुन्न आहे" चालतं. "तो अजून दचकलेला आहे" चालत नाही. दचकणं क्षणात संपतं, मागे उरते ती धडधड. इंग्रजीतही 'स्टिल स्टन्ड' अगदी रोजचं आहे, माणूस आठवडाभर स्टन्ड राहू शकतो. 'स्टिल स्टार्टल्ड' लिहायची वेळ आली, तर बहुधा तुम्हाला 'शेकन' हा शब्द हवा असतो, म्हणजे हादरलेला. सरप्राइज्ड मधल्यामध्ये आहे. आश्चर्य ओसरतं, पण आठवलं की पुन्हा वाटतं, म्हणून 'आय ॲम स्टिल सरप्राइज्ड दॅट…' असं वर्षानंतरही म्हणता येतं.

पायरी ४: बोलतंय कोण आणि कोणत्या सुरात?

आता फ्लॅबरगास्टेडकडे येऊ. हा शब्द छापात सापडतो तो १७७२ सालापासून, आणि तोही त्या काळचं नवं फॅशनेबल खूळ म्हणून. कोणीतरी लिहिलं होतं की हल्ली लोक सकाळपासून रात्रीपर्यंत फ्लॅबरगास्टेड आणि बोअर्ड असतात. तेव्हा 'बोअर्ड'सुद्धा नवा होता, हे वाचून मला फार बरं वाटलं. कुठून आला हे नक्की माहीत नाही. 'फ्लॅप' किंवा 'फ्लॅबी'मध्ये 'अगास्ट' मिसळून कोणीतरी बनवला असावा असा अंदाज आहे. त्याचा नाद मात्र अडीचशे वर्षांत बदललेला नाही. उच्चारतानाच गाल हलतात. या शब्दाला गंभीर चेहरा ठेवता येत नाही.

म्हणूनच तो बहुतेक वेळा माणूस स्वतःबद्दल, घडून गेल्यावर, रंगवून सांगताना वापरतो. "मी उडालोच!", "मी चाट पडले", "माझं तोंड उघडंच राहिलं" असं आपण ज्या सुरात सांगतो, तोच सूर. प्रसंग चांगला असो वा संतापाचा, चालतो. लॉटरी लागली तरी आणि बिलावर तीनदा आकारणी झाली तरी. चालत नाही तो शोकात. माझ्या कथेतल्या बाईच्या वेळी नेमकं हेच चुकलं होतं. ब्रिटिश बोलीत याचा एक धाकटा भाऊ आहे, 'गॉबस्मॅक्ड'. गॉब म्हणजे तोंड आणि स्मॅक म्हणजे चपराक. तो आणखी रांगडा, मित्रांत चालतो, अर्जात नाही.

अस्टॉनिश्डचा सूर उलट आहे. तो शिष्ट आहे, आणि शिष्ट माणसं चिडली की हाच शब्द वापरतात. तक्रारीच्या पत्रात 'आय ॲम अस्टॉनिश्ड दॅट…' अशी सुरुवात असेल, तर लिहिणाऱ्याला आश्चर्य वगैरे काही वाटलेलं नसतं. त्याला राग आलेला असतो आणि तो आवाज न चढवता सांगतोय. आपण "कमाल आहे तुमची!" म्हणतो तेव्हा कौतुक थोडंच करत असतो. सरप्राइज्डलाही हा सूर लागतो. 'आय ॲम सरप्राइज्ड ॲट यू' म्हणजे तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. एका सहकाऱ्याला साहेबांकडून असा निरोप आला होता आणि त्याने तो शाबासकी समजून घरी वाचून दाखवला. तिथे 'ॲट' या एवढ्याशा शब्दाने सगळा घोळ केला होता. 'सरप्राइज्ड बाय यू' असतं तर अर्थ वेगळा निघू शकला असता.

आणखी एक वळण लक्षात ठेवा. 'आय वुड बी सरप्राइज्ड इफ ही कम्स' यात आश्चर्य नाहीच. तो येईलसं वाटत नाही, एवढाच अर्थ. इथे 'स्टन्ड' घातलं तर वाक्य मोठ्याने ओरडायला लागतं.

पायरी ५: एक परिच्छेद सोडवून पाहू

माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी हा परिच्छेद देते. मुद्दाम खराब लिहिलेला आहे.

"अंधारात कुलपाला किल्ली लावताना आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती चकित झाली. दिवा लावला तर भाऊ बसलेला. तो पुढच्या आठवड्यात येणार होता. ती चकित झाली. त्याने टेबलावर एक कागद सरकवला. स्वतःचं घर त्याने तिच्या नावावर केलं होतं. ती चकित झाली. मग तो म्हणाला, 'डॉक्टरांनी सहा महिने सांगितलेत.' ती चकित झाली."

चारदा चकित. बहुतेक जण इंग्रजीत चारदा 'सरप्राइज्ड' लिहितात, किंवा शिडी चढत जातात आणि शेवटच्या वाक्याला फ्लॅबरगास्टेडवर पोचतात. पायऱ्या लावून बघू.

पहिल्या वाक्यात आवाज आहे, अंधार आहे. तिने कसलीच अपेक्षा केलेली नाही, तिचं अंग उसळलं. झोपेतही झालं असतं असं काहीतरी. म्हणजे स्टार्टल्ड, मराठीत दचकली. कोणी इथे 'टेरिफाइड' लिहितं. पण मग दिवा लावेपर्यंतची भीतीही लिहावी लागेल, आणि परिच्छेदात ती नाही.

दुसऱ्या वाक्यात सरळ अपेक्षा आहे, पुढचा आठवडा. ती चुकली, फार मोठं काही मोडलं नाही. सरप्राइज्ड. मराठीत "तिला आश्चर्य वाटलं" पुरे. इथे 'प्लेझंटली' लावायचा मोह होतो, लावूही शकता. पण मी नाही लावणार, कारण पुढे काय वाढून ठेवलंय ते लेखकाला माहीत आहे आणि आनंदाचा शब्द तिथे खोटा वाटेल.

तिसऱ्या वाक्याला खरी चुरस आहे. कोणी भाऊ घर देऊन टाकतो, हे तिच्या कल्पनेत बसतच नाही. अस्टॉनिश्ड की फ्लॅबरगास्टेड? एरवी हा प्रसंग तिने मैत्रिणीला फोनवर सांगितला असता, तर तिच्याच तोंडी फ्लॅबरगास्टेड शोभला असता. पण इथे सांगणारा लेखक आहे, ती नाही, आणि पुढचं वाक्य मृत्यूचं आहे. हसऱ्या शब्दावरून लगेच तिथे उतरलं तर वाचक ठेचकाळतो. शिवाय ती गप्प झालेली नाही. तिच्या मनात 'का?' उभा आहे, आणि चौथं वाक्य त्याचंच उत्तर आहे. प्रश्न विचारणारा शब्द म्हणजे अस्टॉनिश्ड. मराठीत थक्क झाली.

चौथं वाक्य स्टन्डचं. ती आता काही विचारत नाही. हे रात्रभर टिकणार आहे. 'शॉक्ड' का नाही, असं दरवेळी कोणीतरी विचारतं. चालेल, चूक नाही. पण शॉक्डमध्ये धक्क्याबरोबर 'हे बरोबर नाही' अशी नापसंती डोकावते. स्टन्डमध्ये फक्त थांबलेपण आहे, आणि मला ते हवं आहे. मराठीत सुन्न.

दचकली, आश्चर्य वाटलं, थक्क झाली, सुन्न झाली. मराठीतच चार शब्द हाताशी होते. आधी मराठी वाक्य नीट केलं की इंग्रजी शब्द शोधायला वेळच लागत नाही. 'चकित' हा शब्द आळसाने सगळीकडे वापरला जातो, एवढंच. त्याचीही एक गंमत सांगून टाकते. संस्कृतात चकित म्हणजे भ्यालेला, बिचकलेला. काव्यातली चकित हरिणी आश्चर्याने बघत नसते, बिचकून बघत असते. म्हणजे एके काळी हा शब्द स्टार्टल्डच्या घरात राहत होता आणि मराठीत येता येता सरप्राइज्डच्या घरी राहायला गेला.

उलट दिशेने जाताना: स्टन्डची अडचण

इंग्रजीतून मराठीत येताना सर्वांत जास्त छळतो तो स्टन्ड. कारण त्याला चांगलं-वाईट कळत नाही. पदक मिळालं तरी खेळाडू स्टन्ड, मित्र गेला तरी स्टन्ड. मराठीला मात्र ठरवावंच लागतं. बातमी चांगली असेल तर थक्क किंवा अवाक्. वाईट असेल तर सुन्न. सगळी सभा एकदम गप्प झाली असेल, 'स्टन्ड सायलेन्स', तर स्तब्ध. "पदक जिंकल्याचं कळताच तो सुन्न झाला" हे वाक्य एका अनुवादात मी खरोखर वाचलंय, आणि पुढची दोन पानं त्याला पदक का नको होतं याचा शोध घेत होते.

म्हणून स्टन्ड दिसला की तिथेच मराठी शब्द लिहू नका. वाक्याच्या पुढे जाऊन बातमी कशाची आहे ते बघा, मग परत या. परिच्छेद संपेपर्यंत कळत नसेल आणि लेखकाने मुद्दाम लपवलं असेल, तर 'तो जागच्या जागी थांबला' असं वागणं लिहून मोकळं व्हा.

शेवटी दोन ठेचा

पहिली ठेच 'एड' आणि 'इंग'ची. ज्याला वाटतं तो सरप्राइज्ड, ज्यामुळे वाटतं ते सरप्राइझिंग. 'आय ॲम सरप्राइझिंग' म्हणजे मीच लोकांना चकित करणारा. स्टनिंगच्या बाबतीत तर अर्थच घसरतो. 'स्टनिंग न्यूज' म्हणजे हादरवणारी बातमी, पण माणसाला स्टनिंग म्हटलं तर ते सौंदर्याचं कौतुक. नेहमीपेक्षा वाईट दिसणाऱ्या आजारी माणसाला, धक्का बसला म्हणून, 'यू लुक स्टनिंग' म्हणू नये. फ्लॅबरगास्टिंग कोशात आहे, वापरात जवळजवळ नाही.

दुसरी ठेच आपल्या बोलण्यातल्या 'शॉक'ची. मराठीत आपण कशालाही "मी शॉक झालो" म्हणतो. सुंदर घर बघून, स्वस्त तिकीट मिळून, जुना मित्र भेटून. तोच शब्द उचलून इंग्रजीत 'आय वॉज शॉक्ड टू सी युवर हाउस' असं यजमानाला लिहिलंत, तर तो दोन गोष्टी समजेल: घर फार अस्वच्छ होतं, किंवा फार दिखाऊ. तिथे 'अमेझ्ड' लिहा. हा झिजलेला शब्द नेमका अशाच सौजन्याच्या पत्रासाठी उपयोगी आहे.